शुद्धलेखन तपासल्यावर अभंगाची ओळ चालीत बसत नाही: बिघाड कुठे होतो आणि दुरुस्ती कशी करायची

आषाढी जवळ आली की इंदूरमधल्या भजनी मंडळांच्या पुस्तिका छापायला जातात. हरिपाठ, पंचपदी, निवडक अभंग, शेवटी पसायदान आणि आरत्या. त्यातल्या बऱ्याच पुस्तिकांची प्रुफं माझ्याकडे वाचायला येतात आणि दरवर्षी एकच तक्रार येते. रामबागेतल्या एका मंडळाच्या काकूंनी ती नेमक्या शब्दांत सांगितली होती: "अहो, जुन्या वहीतून म्हटलं की बरोबर बसतं. नव्या पुस्तकातून म्हटलं की चरणाच्या शेवटी टाळ रिकामा पडतो."

टाळ रिकामा पडतो याचा अर्थ अक्षर कमी झालंय. ते कुणी मुद्दाम काढलेलं नसतं. मजकूर संगणकावर चढवताना जुन्या रूपांखाली लाल रेघ येते, चढवणारा ती रेघ घालवतो आणि अभंगाचं रूप आजच्या गद्याचं होतं. ते प्रूफ वाचताना डोळ्यांना खटकत नाही, कारण "ठेवून" हा शब्द चूक नाहीच. तो त्या जागी चूक आहे. म्हणून ही चूक शब्द पाहून सापडत नाही. ओळ मोजूनच ती सापडते.

एक आख्खा अभंग घेऊन दाखवतो. तुकोबांचा, सगळ्यांच्या तोंडी असलेला. छापखान्यातून आलेलं प्रूफ असं होतं:

सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटेवरी ठेवून ॥
तुळशीहार गळ्यात कासे पितांबर । आवडे निरंतर हेच ध्यान ॥
मकरकुंडले तळपती श्रवणी । कंठी कौस्तुभमणी विराजित ॥
तुका म्हणे माझे हेच सर्व सुख । पाहीन श्रीमुख आवडीने ॥

आणि गाथ्यातला पाठ असा:

सुंदर तें ध्यान उभें विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां ॥
तुळसीहार गळां कासे पीतांबर । आवडे निरंतर हेंचि ध्यान ॥
मकरकुंडलें तळपती श्रवणीं । कंठीं कौस्तुभमणि विराजित ॥
तुका म्हणे माझें हेंचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख आवडीनें ॥

हा मोठा अभंग. त्याच्या एका कडव्यात चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. अक्षर मोजताना ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं आणि शब्दाच्या शेवटचं "न" किंवा "र" बोलताना अर्धं वाटलं तरी पूर्ण मोजायचं. सुं-द-र-तें-ध्या-न, सहा. उ-भें-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-यां, चार. प्रुफातलं "ठेवून" तीनच अक्षरांचं आहे, आणि काकूंचा टाळ तिथेच रिकामा पडत होता. काही प्रतींत "ठेवूनियां" असं सापडेल. तेही चारच अक्षरांचं, म्हणून गाताना काही बिघडत नाही.

आता दुसरं कडवं. "तुळसीहार गळां" मोजलं तर तु-ळ-सी-हा-र-ग-ळां, सात अक्षरं. "आवडे निरंतर" हीही सात. म्हणजे गाथ्यातच साचा मोडलाय का? नाही. सहाच्या चरणात एखादं अक्षर जास्त येणं अभंगात चालतं. गाणारा दोन लघू अक्षरं एका मात्रेत घेतो आणि पुढे जातो. तिसऱ्या कडव्यात "तळपती श्रवणीं" आणि "कंठीं कौस्तुभमणि" हे चरणही सात-सात अक्षरांचे आहेत. मात्र चारही कडव्यांचा शेवटचा चरण पाहा: ठेवोनियां, हेंचि ध्यान, विराजित, आवडीनें. प्रत्येक वेळी चारच. गाण्याचा ठेका तिथे येऊन टेकतो, म्हणून तिथे सैलपणा नाही. तपासणीची सुरुवात मी नेहमी या शेवटच्या चरणापासून करतो. पुस्तिकेतले सगळे शेवटचे चरण आधी मोजून काढले की मोठे बिघाड तिथेच सापडतात. हरिपाठाच्या पहिल्या अभंगातलं "तेणें मुक्ति चारी साधियेल्या" हे दुसरं नेहमीचं गिऱ्हाईक. "साधियेल्या" चार अक्षरांचं, त्याचं "साधल्या" झालं की एक गळतं.

सात अक्षरं चालतात, मग "गळ्यात" का नको? कारण "तुळशीहार गळ्यात" मोजलं की आठ होतात. जास्तीची दोन अक्षरं सहाच्या चरणात बसवताना गाणाऱ्याला शब्द कोंबावा लागतो. शिवाय "गळां" ही सप्तमी आहे, तिच्यात "गळ्यात" हा अर्थ आलेलाच आहे.

काही बदल मोजणीत पकडले जात नाहीत, आणि तिथे खरी काळजी लागते. "हेंचि ध्यान" चार अक्षरं, "हेच ध्यान" हीही कागदावर चारच. पण बोलताना "हेच" मधला च पूर्ण उच्चारला जात नाही, "चि" मात्र स्वच्छ ऐकू येतो. गाताना ठेका त्या "चि"वर पडतो, तो काढला की गायकाला "च"ला ओढून उभं करावं लागतं. "आपुले"चं "आपले", "तोचि"चं "तोच" ही याच जातीची. "जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले" या लहान अभंगात प्रत्येक चरण आठ अक्षरांचा आहे. "आपले" केलं तरी मोजणी आठच दाखवते आणि ओळ मात्र बसकी वाटते. म्हणून "चि" आणि मधला "उ" यांना हात लावायचा नाही, हा नियम मी मोजणीच्या वर ठेवतो.

याच्या उलट प्रुफातलं "पितांबर" ही खरीखुरी चूक आहे. शब्द तत्सम आहे, "पीत" दीर्घ, आणि गाथ्यातही "पीतांबर"च आहे. ही दुरुस्ती केलीच पाहिजे. "कटेवरी" थोडं फसवं आहे. ते "विटेवरी"शी जास्त जुळल्यासारखं वाटतं, अक्षरंही सहाच, पण पाठ "कटावरी" आहे आणि यमक त्यानेही नीट जुळतं. यमक "सुधारण्याचा" मोह आवरायचा. "कौस्तुभमणि"चा ऱ्हस्व णि आजच्या नियमाने दीर्घ होईल. मोजणीला फरक पडत नाही, पण मूळ प्रतीत जसा आहे तसाच ठेवावा.

नियमाचं नाव काढून कुणी अडवलं तर त्याला नियमच दाखवावेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखनविषयक नियम आणि १९७२मध्ये त्यांत घातलेली भर मिळून १८ नियम होतात. त्यांत अनुच्चारित अनुस्वार देऊ नयेत असं आहे, आणि त्यांतच हेही आहे की केशवसुतांच्या पूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य छापताना ते मुळानुसार छापावं. तुकोबा, ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ सगळे केशवसुतांच्या आधीचे. म्हणजे शुद्धलेखनाच्या नावाखाली त्यांचे अनुस्वार काढणं हे त्या नियमांनाही धरून नाही.

अनुस्वाराचा प्रश्न तरीही सोपा नाही, निदान आपल्याकडे. इंदूरची मुलं हिंदी शाळेत शिकतात. "में" वाचायची सवय झालेलं मूल "तें" सुद्धा नाकातून म्हणतं, "श्रवणीं"ला तर गुणगुणच लागते. म्हणून काही मंडळं मुलांच्या पुस्तिकेतून अनुस्वार काढून टाकायला सांगतात. मला ते पटत नाही, कारण जुन्या मराठीत विभक्ती त्या टिंबावर उभी असते. "श्रवणीं" म्हणजे कानांत, "देवें" म्हणजे देवाने, "भूतां" म्हणजे भूतांना. टिंब गेलं की "भूता" उरतं आणि ती हाक वाटते. पहिल्या पानावर "टिंब वाचायचं, नाकातून म्हणायचं नाही" अशी एक ओळ छापली तर मुलांची अडचण सुटते. मंडळ अगदीच अडून बसलं तर सगळे अनुच्चारित अनुस्वार काढावेत, पण निम्मे ठेवून निम्मे काढू नयेत. एका पानावर "तें" आणि पुढच्या पानावर "ते" असलं की वाचणारा त्यात नसलेला फरक शोधत बसतो.

ओवीची तपासणी वेगळी. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. अक्षरसंख्या ठरलेली नाही, म्हणून मोजणीवर विसंबून काही सिद्ध होत नाही. पसायदानातली ही ओवी पाहा:

दुरितांचें तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो ।
जो जें वांछील तो तें लाहो । प्राणिजात ॥

इथे तिन्ही चरण नऊ-नऊ अक्षरांचे आहेत. पण तिच्याच आधीच्या ओवीत "जे खळांची व्यंकटी सांडो" नऊ, "तया सत्कर्मीं रती वाढो" नऊ आणि "भूतां परस्परें जडो" आठ, शेवटचा "मैत्र जीवाचें" पाच. दोन्ही निर्दोष. त्यामुळे ओवीत आधी यमक पाहायचं: जावो, पाहो, लाहो. "लाहो"खाली लाल रेघ येते आणि सुचवणीत "लाभो" दिसतं. ते घेतलं तर यमक जातंच, शिवाय वाक्यही मोडतं. "लाहणे" म्हणजे मिळवणे, म्हणून "तो तें लाहो" हे बरोबर. "लाभो" घ्यायचं तर "त्याला" हवं, "तो" चालणार नाही. शब्द बदलल्यावर आजूबाजूची विभक्ती अडली, तर बदल चुकलाय हे पक्कं समजावं. "प्राणिजात"ला "प्राणीजात" करणारेही भेटतात, तिथे समासातला ऱ्हस्व "णि" आजच्या नियमानेही बरोबरच आहे.

"भूतां परस्परें जडो" की "पडो", हा वाद प्रत्येक मंडळात एकदा तरी होतो. दोन्ही पाठ छापील प्रतींत आहेत. तो शुद्धलेखनाचा प्रश्नच नाही, पाठभेदाचा आहे, आणि त्यावर उपाय एकच: कामाला बसण्याआधी एक प्रत ठरवायची आणि पुस्तिकाभर तीच पाळायची. तुकोबांसाठी शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी संपादलेल्या, १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघालेल्या गाथ्यावरून पुढे आलेली एखादी चांगली प्रत घ्या, किंवा तुमच्या मंडळात चालत आलेली घ्या, पण एकच. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये शिरलेले अशुद्ध पाठ काढून एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. आणि त्यात आपली ओवी घालणाऱ्याला त्यांनी अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा म्हटलं. नरोटी म्हणजे करवंटी. पाठ शुद्ध करणं आणि पाठात भर घालणं यांतली रेघ त्यांनी इतकी स्पष्ट आखून ठेवली आहे.

आता संगणकावरचं काम. छापखान्यातल्या मुलाला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लाल लाइन आ रही थी, तो ठीक कर दिया." त्याच्या जागी तो बरोबर होता, त्याला सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून लाल रेघ पद्याखाली येऊच द्यायची नाही. लिब्रेऑफिस रायटरमध्ये `F11` दाबून स्टाइलची पट्टी उघडा, पद्यासाठी एक वेगळी परिच्छेद-स्टाइल करा, तिच्या `Font` या भागात देवनागरीसाठी असलेल्या कॉम्प्लेक्स लिपीच्या खान्यात `Language` ला `[None]` निवडा. सगळे अभंग आणि ओव्या त्या स्टाइलमध्ये ठेवा. प्रस्तावना, सूचना, देणगीदारांची यादी हा गद्य मजकूर मराठी भाषेतच राहू द्या, तिथे तपासणी हवीच. वर्डमध्ये पद्य निवडून `Review > Language > Set Proofing Language` मध्ये `Do not check spelling or grammar` वर खूण करा. फोनवर अभंग टंकत असाल तर कळफलकाची आपोआप दुरुस्ती बंद करून मगच बसा. ती शब्द बदलते तेव्हा रेघही दाखवत नाही.

सगळीकडे एकदम शोधून बदलण्याचं बटण पद्यावर वापरू नका. "चि"चं "च" करण्याचा आदेश दिलेलं एक प्रूफ माझ्याकडे आलं होतं. त्यात "चित्त"चं "चत्त", "चिंतन"चं "चंतन" आणि "देवाचिये"चं "देवाचये" झालं होतं. "देवाचये द्वारीं" मोजलं तरी सहाच भरतात, म्हणजे मोजणीही ते पकडत नाही. "चत्त" असा एखादा शब्द दिसला की पूर्ण फाइल टाकून आधीची प्रत मागवावी. एकेक जागा दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो, कारण कुठला "च" मूळचा आणि कुठला बदललेला हे नंतर सांगता येत नाही.

बोटांवर मोजायला पन्नास-साठ अभंगांना वेळ लागतो. ज्यांच्याकडे पायथन आहे त्यांनी साध्या मजकुराच्या फाइलवर हे चालवावं:

```python
import re
A = re.compile(r"[अ-औॐ]|[क-ह](?!\u093c?\u094d)")
for ol in open("abhang.txt", encoding="utf-8"):
    n = [len(A.findall(c)) for c in re.split("[।॥]", ol)]
    print([x for x in n if x], ol.strip())
```

हलन्त नसलेलं प्रत्येक व्यंजन आणि प्रत्येक सुटा स्वर हे एक अक्षर धरतं. मोठ्या अभंगाच्या ओळीत दंड मध्येच असल्याने आकडे जोडीने येतात: वरच्या अभंगाची पहिली आणि चौथी ओळ १२ आणि १०, दुसरी आणि तिसरी १३ आणि ११. छापखान्याच्या प्रुफावर चालवलं तर पहिल्या ओळीचा दुसरा आकडा ९ येतो आणि बोट तिथेच ठेवता येतं. दुसऱ्या ओळीचा पहिला आकडा १४ येतो, तो "गळ्यात"चा. १३ किंवा ११ दिसलं म्हणून दुरुस्त करू नका, फक्त ठरवलेल्या प्रतीशी ताडून पाहा.

हिंदीत टंकणाऱ्या हातांच्या काही ठरलेल्या चुका आपल्याकडे वेगळ्या शोधाव्या लागतात, कारण त्यांनी अक्षरसंख्या बदलत नाही. "टाळ"चं "टाल", "विठ्ठल"चं "विट्ठल", "ठेवोनियां"वर चंद्रबिंदू. आणि "मऱ्हाटी"त ऱ्ह ऐवजी र्ह, म्हणजे रफार ह च्या डोक्यावर. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हे शेवटचं फार होतं. हा ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकला जातो, एक `U+0931` आणि हलन्त वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि `U+200D` वापरून. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकाने दुसरा सापडत नाही. म्हणून "मऱ्हाटी" शोधून काही मिळालं नाही तर तो शब्द पुस्तिकेत नाही असं समजू नका.

तपासणी यंत्राकडून काढून घेतल्यावर ती कुणीतरी करायला हवी. त्यासाठी दोघांनी बसावं. एकाने ठरवलेली छापील प्रत हातात घेऊन अक्षर अक्षर मोठ्याने वाचावं, "हेंचि, ह्यावर टिंब, चि ऱ्हस्व" असं, आणि दुसऱ्याने फक्त प्रूफ पाहावं. ज्याला अभंग पाठ आहे त्याला प्रूफ पाहायला देऊ नये. तो पानावर काय आहे ते वाचत नाही, आठवतं ते वाचतो. त्याला छापील प्रत वाचायला द्यावी. हे झाल्यावर एका संध्याकाळी मंडळात प्रूफ समोर ठेवून टाळ-पखवाजावर सगळे अभंग एकदा म्हणून घ्यावेत, आणि जिथे अडलं तिथे समासात फक्त खूण करावी. दुरुस्ती तिथेच बसून करू नये, घरी प्रतीशी ताडून करावी.

एक अडचण मात्र या रीतीनेही सुटत नाही. मंडळात पिढ्यानपिढ्या म्हटलं जाणारं एखादं रूप कुठल्याच छापील प्रतीत सापडत नाही. ग्वाल्हेरहून किंवा धारहून लग्न होऊन आलेल्या बायकांनी आपल्या माहेरचं रूप आणलेलं असतं, चालही त्याच रूपावर बसलेली असते. अशा वेळी पुस्तिकेत ठरवलेल्या प्रतीचा पाठ छापावा आणि खाली बारीक अक्षरात "मंडळात असे म्हणतात" म्हणून ते रूप द्यावं. म्हणणाऱ्यांनी म्हणताना बदलायची गरज नाही.